मेट्रोनिडाझोलचा कोर्स संपल्यावर दारू किती दिवस टाळावी?

«आमांशासाठी मेट्रोनिडाझोल ४०० चालू आहे, शेवटची गोळी मंगळवारी रात्री. शुक्रवारी मित्राच्या हळदीला दोन पेग घेतले तर नक्की काय होईल? किती दिवस थांबायचं?»

शुक्रवारी घेऊ नका. शेवटची गोळी घेतल्यापासून पूर्ण ७२ तास मोजावेत. मंगळवारी रात्री दहाला गोळी घेतली, तर ते शुक्रवारी रात्री दहाला भरतात आणि हळद त्याआधीच आटोपलेली असते. ब्रिटनमध्ये दोन दिवस पुरेसे मानतात, तर अमेरिकेतील औषधाच्या माहितीपत्रकात किमान तीन दिवस लिहिलेले असते. यकृत निरोगी असेल तर रक्तातील मेट्रोनिडाझोल साधारण आठ तासांनी निम्मे होते, त्यामुळे ४८ तासांनी ते सुमारे चौसष्टाव्या हिश्श्यावर येते आणि ७२ तासांनी नगण्य उरते. यकृत आधीच बिघडलेले असेल, तर मात्र औषध शरीरात जास्त रेंगाळते. अशा वेळी मुदत डॉक्टरांनाच विचारावी.

त्रास होतो तेव्हा पिणे सुरू केल्यावर थोड्याच वेळात चेहरा आणि मान लाल होऊन तापल्यासारखी वाटते, छातीत धडधडते, डोके ठणकते, मळमळ, उलट्या आणि पोटात कळा सुरू होतात. दारू सोडवण्यासाठी देतात त्या डायसल्फिरामच्या त्रासाशी याचे साम्य असल्यामुळे, दारूपासून बनणारे ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचते, असे कारण वर्षानुवर्षे सांगितले जाते. मात्र २००२ साली फिनलंडमध्ये बारा निरोगी पुरुषांपैकी निम्म्यांना पाच दिवस मेट्रोनिडाझोल आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी देऊन मग दारू दिली, तेव्हा मेट्रोनिडाझोल घेतलेल्यांमध्ये ॲसिटाल्डिहाइड वाढले नाही आणि असा त्रासही दिसला नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने तर २०२१ च्या मार्गदर्शिकेत दारू टाळण्याची गरज नसल्याचे म्हटले आहे.

तरीही मी फार्मासिस्ट म्हणून काउंटरवर तीन दिवसच सांगतो. बारा निरोगी माणसांवरून, आमांशाने आतडे हुळहुळे झालेल्या आणि औषधानेच तोंड कडू पडून मळमळणाऱ्या माणसाबद्दल मी खात्री देऊ शकत नाही, आणि काही रुग्णांमध्ये तीव्र त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत. तुम्हाला होईलच असे नाही, पण कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एका आजींच्या पिशवीत मला मेट्रोनिडाझोलच्या पाकिटाशेजारी द्राक्षासवाची बाटली दिसली. दारूला कधी शिवले नाही असे त्या म्हणाल्या, ते खरेच होते, पण आसवे आणि अरिष्टे आंबवूनच बनतात आणि त्यांत मद्यार्क असतो. खोकल्याच्या काही औषधांतही तो असतो, म्हणून लेबल वाचावे.

चुकून घेतलीच आणि लक्षणे दिसली, तर लगेच थांबून घोटघोट पाणी प्यावे. छातीत दुखणे, धाप लागणे, भोवळ येणे किंवा न थांबणाऱ्या उलट्या असतील, तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे आणि तिथे गोळीचे नाव सांगावे. हळदीसाठी शेवटच्या गोळ्या मात्र सोडू नका, कारण अर्धवट उपचारानंतर आमांश पुन्हा उलटू शकतो.