मिनिटाला १२५० थेंब

"मॅडम, वॉर्डमध्ये माझं सगळं नीट चालतं. सलाईन लावते, इंजेक्शन भरते, सिस्टर कौतुकही करतात. पण डोस कॅल्क्युलेशनचं वर्कशीट समोर आलं की हात गार पडतात. दहावीला गणितात काठावर पास झाले होते मी. उद्या माझ्या हिशेबानं पेशंटला काही झालं तर? नर्सिंग सोडून देऊ का?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या मुलींकडून हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, की एका मुलीशी झालेलं बोलणं थोडक्यात इथे मांडते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत ती "मला गणित येत नाही" हेच फिरून फिरून सांगत होती. मी तिला धीर दिला नाही. "येईल गं" असं म्हटलं की मुली मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा रडतात. मी वर्कशीट मागून घेतलं. माझी कामाची पद्धत तशीच आहे. माणूस स्वतःबद्दल एखादं वाक्य ठामपणे बोलत असेल, तर त्या वाक्याचा पुरावा आम्ही दोघं मिळून बघतो.

पहिलंच गणित होतं: ५०० मिली नॉर्मल सलाईन ८ तासांत द्यायचं आहे, आयव्ही सेटचा ड्रॉप फॅक्टर २०, म्हणजे मिलीमागे २० थेंब, तर मिनिटाला थेंब किती? तिनं ५०० ला २० नं गुणलं, ८ नं भागलं आणि लिहिलं १२५०. खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या गणिताकडे वळली.

"थांब जरा," मी म्हटलं. "हे सलाईन तू आत्ता लावलं आहेस. चेंबरकडे बघ. काय दिसतंय?"

"थेंब पडताहेत."

"मिनिटाला १२५०. मग सेकंदाला किती?"

तिनं मनातल्या मनात भागलं. "वीस... वीसच्या वर." मग वर्कशीटकडे बघत म्हणाली, "असं होऊच शकत नाही, मॅडम. ही तर धार झाली. थेंब दिसणारच नाहीत."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? रोज बघते की मी."

माझ्या दृष्टीनं कामाला खरी सुरुवात झाली ती इथे. चूक तासांची मिनिटं न केल्याची होती. ८ तास म्हणजे ४८० मिनिटं. १०,००० भागिले ४८० केलं की २०.८३ येतात, म्हणजे २१ थेंब. साधारण तीन सेकंदांना एक. हे तिनं स्वतःच करून दाखवलं, आणि मग घड्याळावर नजर ठेवून बोटानं टेबलावर तेवढ्या अंतरानं टिचक्या मारल्या. "हां, हे बरोबर वाटतंय," म्हणाली.

ही मुलगी वॉर्डमध्ये चूक झटकन पकडते. सलाईन जोरात चाललं असेल तर दारातूनच तिच्या लक्षात येतं आणि ती रोलर फिरवते. पण वर्कशीट हातात आलं की ती दहावीच्या वर्गात जाऊन बसते, आणि तिथे उत्तर बरोबर की चूक हे फक्त गणिताच्या बाई ठरवतात. डोळ्यांनी कमावलेलं ज्ञान ती कागदापर्यंत येऊच देत नाही. "मला गणित येत नाही" या वाक्याचा तोटा असा, की उत्तर तपासायचा आपला हक्कच माणूस सोडून देतो. हे मला अनेक मुलींसोबत बसल्यावर उमगलं, आणि तेव्हापासून सूत्र पाठ करून घेण्यापेक्षा मी याच हक्काच्या मागे लागते.

तिला मी एकच नेम घालून दिला. आकडेमोडीला हात लावण्याआधी समासात अंदाज लिहायचा: थेंब सावकाश पडतील की भरभर? गोळी एक लागेल की अर्धी? नंतर हिशेब करायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

पुढच्या भेटीत एककांचं गणित निघालं. ऑर्डर डिगॉक्सिन १२५ मायक्रोग्रॅमची, गोळी ०.२५ मिलिग्रॅमची. तिनं दशांशचिन्ह तीनऐवजी दोनच घरं सरकवलं, १२५ मायक्रोग्रॅमचे १.२५ मिलिग्रॅम केले आणि उत्तर आलं पाच गोळ्या. समासात मात्र "एक किंवा कमी" असं लिहिलेलं होतं. मी काही बोलायच्या आतच तिनं पेन उचललं. "पाच डिगॉक्सिन कोण देतं? सिस्टर हातच धरतील माझा." १००० नं भागून ०.१२५ मिलिग्रॅम आले, आणि उत्तर अर्धी गोळी. एका डोससाठी बऱ्याच गोळ्या किंवा बऱ्याच व्हायल लागताहेत असं दिसलं, की आधी एकक तपासायचं, हे तिनं वहीत आपल्या शब्दांत लिहून घेतलं.

मात्र अंदाजाला मर्यादा आहे, आणि ती मी प्रत्येकीला दाखवतेच. १२ किलोच्या मुलाला अमिकासिन, किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम. अमिकासिनची एक व्हायल २ मिलीत १०० मिलिग्रॅमची येते, दुसरी २ मिलीतच ५०० मिलिग्रॅमची. पहिल्या प्रकारच्या दोन व्हायल मिळून ३.६ मिली घ्यावे लागतात, दुसरीतून ०.७२ मिली. यांतलं कुठलंच उत्तर डोळ्यांना खटकत नाही. पण १०० च्या व्हायलचा हिशेब करून ५०० च्या दोन व्हायलमधून तेवढंच औषध भरलं, तर मुलाला पाचपट डोस जातो, आणि हे औषध मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करणारं आहे. इथे मनात धोक्याची घंटा वाजत नाही. इथे व्हायल हातात घेऊन "किती मिलिग्रॅम, किती मिलीत" हे दोन्ही आकडे मोठ्यानं वाचायचे आणि त्यांच्यापुढे एककं लिहूनच हिशेब मांडायचा. शिवाय दुसऱ्या नर्सनं तोच हिशेब आपलं उत्तर न बघता वेगळा करायचा. उत्तर दाखवून "बरोबर आहे ना गं?" विचारलं, की समोरची "हो" म्हणते. माणसाचं मन तसंच चालतं.

तिनं विचारलं, "म्हणजे भीती जाणार नाहीच का?"

"तुला ती पूर्ण घालवायची आहे का?"

थोडा विचार करून ती म्हणाली, "नाही. व्हायल वाचताना राहू दे. वर्कशीट बघूनच नको."

परीक्षेत ती पास झाली, पण मला जास्त समाधान दुसऱ्याच गोष्टीचं आहे. एका वर्कशीटमध्ये ड्रॉप फॅक्टर द्यायचाच राहिला होता. बाकीच्या मुलींनी सवयीनं २० धरला. हिनं उभं राहून विचारलं, "मॅडम, सेट मॅक्रो की मायक्रो?" मायक्रो सेटला मिलीमागे ६० थेंब पडतात, त्यामुळे तेच ५०० मिली ८ तासांत द्यायला मिनिटाला २१ नाही, ६२ ते ६३ थेंब लागतात. आकडा न देता प्रश्न दिला आहे, हे ओळखायला स्वतःवर थोडा भरवसा लागतो.

ज्यांना ५०० गुणिले २० करतानाच अडखळायला होतं, त्यांना मी स्पष्ट सांगते की त्यासाठी माझ्याकडे येऊ नका. ट्यूटरकडे जा, पंधरा दिवस रोज थोडे गुणाकार, भागाकार आणि दशांशाची गणितं करा. तो सरावाचा प्रश्न आहे आणि सरावानंच सुटतो. वॉर्डमध्ये हात चालतात आणि कागदावर मात्र गोठतात, अशा मुलींनी जरूर या. येताना चुकलेलं वर्कशीट घेऊन या, खोडरबर न लावलेलं.