निम्म्याचे निम्मे, पण जाडी तीच नाही : क्ष-किरणांविषयी वाचकांचे प्रश्न

"अर्धमूल्य जाडीचा एक थर निम्मे किरण अडवतो. मग तसे दोन थर ठेवले की सगळेच का अडत नाहीत?" – बारावीची विद्यार्थिनी, सांगली

कारण थराला 'पाचशे अडवायचे' असा कोटा दिलेला नसतो. समोर आलेल्या प्रत्येक फोटॉनला त्या थरात अडकण्याची शक्यता सारखी असते, एवढेच. हजार आले तर पाचशे अडकतात. दुसऱ्या थरासमोर पाचशेच येतात, त्यातले अडीचशे अडकतात. मागचा थर किती जाड होता याची पुढच्या थराला काही खबर नसते. कागदावर हेच I = I₀ e^(−μx) असे लिहितात. त्यातला μ म्हणजे क्षीणन गुणांक, आणि अर्धमूल्य जाडी म्हणजे 0.693/μ.

आता हे पोटाच्या एक्स-रेत बघा. सोयीसाठी सगळे फोटॉन 60 केईव्ही ऊर्जेचे धरू. आपले मऊ स्नायू या बाबतीत बरेचसे पाण्यासारखे वागतात आणि पाण्याची या ऊर्जेला अर्धमूल्य जाडी सुमारे 3.4 सेंमी आहे. पोट 20 सेंमी जाड असेल तर जवळजवळ सहा वेळा निम्मे होते, म्हणजे हजारातले जेमतेम सोळा सरळ पलीकडे पोचतात. पोट 24 सेंमी झाले की उरतात सात-आठ. चार सेंमीची वाढ नजरेला फारशी जाणवत नाही, पण तेवढ्यासाठी टेक्निशियनला एमएएस, म्हणजे ट्यूबचा करंट आणि वेळ यांचा गुणाकार, दुप्पट करावा लागतो. जाड माणसाच्या एक्स-रेला डोस जास्त का लागतो, याचे उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे.

"80 केव्हीला अॅल्युमिनियमचे पत्रे एकेक करून ठेवले. 2.8 मिमीला रीडिंग निम्मे झाले, पण पाव व्हायला 5.6 ऐवजी 7 मिमी लागले. मीटर बिघडलाय का?" – एक्स-रे टेक्निशियन, नाशिक

मीटर ठीक दिसतो. तुम्ही पाठवलेले आकडे ओळीने वाचू. पत्रा नसताना 100 धरले, तर 1 मिमीला 75, मग 59, 48, 40, 34, 29 आणि 7 मिमीला 25. पहिल्या मिलिमीटरने समोर आलेल्यातले 25 टक्के खाल्ले. सातव्याने 29 चे 25 केले, म्हणजे समोर आलेल्यातले 14 टक्केही नाहीत. पत्रा तोच, जाडी तीच. बदलला तो बीम.

80 केव्ही विद्युतदाबावर चालणाऱ्या ट्यूबमधून 80 केईव्हीचेच फोटॉन निघत नाहीत. थेट 80 पर्यंतची सरमिसळ निघते आणि त्यात कमी ऊर्जेचे, 'सॉफ्ट' फोटॉन पुष्कळ असतात. ते पहिल्या पत्र्यांतच संपतात. पुढच्या पत्र्यांसमोर येतात ते निवडून उरलेले जोरकस फोटॉन. आपण याला बीम हार्ड झाला म्हणतो. दुसरी अर्धमूल्य जाडी (तुमच्याकडे 4.2 मिमी) पहिलीपेक्षा मोठी येणे हे मिश्र बीमचे लक्षणच आहे.

घरी पडताळायचे असेल तर पांढऱ्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागद धरा. पहिल्या कागदाने उजेड एकदम पडतो, कारण निळा-हिरवा गेला. दुसऱ्याने फारसा फरक पडत नाही, कारण उरलेल्या लाल उजेडाला तो कागद जवळजवळ मोकळी वाट देतो.

मीटरची शंका फेडायला शेवटी सगळे पत्रे काढून पुन्हा एक एक्स्पोजर घ्या. रीडिंग 100 च्या आसपास परत आले, तर मीटर आणि ट्यूब दोन्ही स्थिर आहेत. माझा भर मात्र पत्रे कुठे ठेवले यावर आहे. एका रुग्णालयात मी स्वतः 3.6 मिमी असा आकडा काढून खूश झालो होतो. नंतर पाहिले तर सोयीसाठी पत्रे थेट डिटेक्टरवर रचले होते. पत्र्यांत विखुरलेले किरणही डिटेक्टरमध्ये शिरत होते, म्हणून पत्रे कमी अडवतात असे दिसत होते. पत्रे ट्यूब आणि डिटेक्टर यांच्या मधोमध उचलून धरले, बीमची रुंदी ठरवणारा कोलिमेटर डिटेक्टरपुरता आवळला आणि आकडा 2.7 वर आला. मशीन चांगले असल्याचे खोटे प्रमाणपत्र मिळते ते असे. पत्राही शुद्ध अॅल्युमिनियमचा हवा. बाजारातल्या मिश्रधातूतले थोडे तांबे-लोखंडसुद्धा जास्त किरण खाते आणि आकडा उलट्या दिशेने, खाली ढकलते.

80 केव्हीला अर्धमूल्य जाडी किमान 2.3 मिमी हवी ही कसोटी बरीच वर्षे चालत आली आहे, नव्या यंत्रांसाठी 2.9 मागतात. आकडा याखाली असेल तर फिल्टर अपुरा आहे. फिल्मपर्यंत कधीच न पोचणारे सॉफ्ट किरण पेशंटच्या कातडीत मुरत आहेत, असा त्याचा अर्थ.

"आमच्या फ्लॅटला लागून एक्स-रे क्लिनिक आले आहे. मधली भिंत विटांची आहे. पुरेल का?" – गृहिणी, ठाणे

भिंत नऊ इंची की साडेचार इंची, हे आधी पाहा. 100 केव्हीच्या, आधीच हार्ड झालेल्या बीमला काँक्रीटची अर्धमूल्य जाडी सुमारे 1.6 सेंमी धरतात. वीट हलकी असते, म्हणून तिची साधारण 2.3 सेंमी धरू. नऊ इंच म्हणजे 23 सेंमी, म्हणजे दहा वेळा निम्मे : हजारात एक. साडेचार इंचांत पाचच वेळा निम्मे होते : बत्तिसात एक. भिंत निम्मी केली की गळती दुप्पट नाही, बत्तीसपट होते. शिवाय तुमच्या बाजूला बहुतेक वेळा मूळ बीम येत नाही. पेशंटच्या अंगावरून विखुरलेले किरण येतात आणि एक मीटरवर ते मूळच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास असतात. म्हणून प्लास्टरसकट धड नऊ इंची भिंत असेल तर मला तुमची काळजी वाटत नाही. छातीचा स्टँड तुमच्याच भिंतीला टेकवलेला असेल तर मात्र मूळ बीम तुमच्या दिशेने असतो, ते विचारून घ्या.

मला काळजी वाटते ती स्विचबोर्डची. वीजवाल्याने भिंतीत सात सेंमी खोल खाच पाडून डबा बसवला की तिथे तीन अर्धमूल्य जाड्या गेल्या, म्हणजे तेवढ्या चौकोनातून आठपट किरण. दोन्ही बाजूंचे डबे पाठीला पाठ लावून बसवले असतील तर तिथे भिंत नावालाच उरते. अशा ठिकाणी मागे शिशाचा पत्रा लावतात. क्लिनिककडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि भिंतीपलीकडच्या मोजणीचा सर्व्हे रिपोर्ट असायला हवा. तो जरूर मागा आणि त्यात तुमच्या बाजूचे रीडिंग आहे का ते पाहा. सामान्य नागरिकासाठी मर्यादा वर्षाला 1 मिलिसीव्हर्ट आहे.

"एक्स-रे विभागातला शिशाचा एप्रन कोबाल्टच्या खोलीत घालून गेले तर चालेल का?" – परिचारिका, कोल्हापूर

नाही. कॅन्सरच्या उपचारासाठी वापरतात त्या कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांना शिशाची अर्धमूल्य जाडी सुमारे 12 मिमी आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या एप्रनमधून त्यातले 97 टक्के आरपार जातात. विखुरलेल्या एक्स-रेला तोच एप्रन बहुतांशी अडवतो, कारण त्या किरणांना शिशाची अर्धमूल्य जाडी मिलिमीटरचा छोटासा अंश असते. कोबाल्टच्या खोलीत तुमचे रक्षण करतात ती जाड काँक्रीटची भिंत आणि दाराचा इंटरलॉक. सोर्स बाहेर असताना आत जायचेच नाही, एप्रन असो वा नसो.