शाडूच्या गणपतींच्या बुकिंगचं कॅप्शन

«धायरीत घरीच शाडूच्या मूर्ती करतो. ६ इंच ७००, ९ इंच १,५०० आणि १२ इंच २,८०० रुपये असे दर ठरवलेत. २०२६ च्या गणपतीसाठी व्हॉट्सअॅप आणि इन्स्टावर ऑर्डरचं कॅप्शन टाकायचंय, विसर्जन कसं करायचं तेही सांगायचंय. 'निसर्गातून आलेला बाप्पा, निसर्गात विलीन' याच्यापुढे गाडी सरकत नाही. कसं लिहू?»

ती ओळ काढून टाका. गिऱ्हाईक फोन करतं ते तीनच गोष्टी विचारायला: आमच्या मखरात बसेल का, कधी मिळेल आणि बादलीत खरंच विरघळेल का. याची उत्तरं कॅप्शनमध्ये असली की निम्मे फोन वाचतात, आणि ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशीची वादावादीही.

आधी माप. '१२ इंच' म्हणजे कुठून कुठे, ते लिहा. कुणी पाट धरून मोजतं, कुणी नुसती मूर्ती. प्रभावळ असेल तर आणखी घोळ. पाटाच्या तळापासून मुकुटाच्या टोकापर्यंत मोजा आणि तसं स्पष्ट म्हणा. पाटाची लांबी-रुंदी आणि वजनही द्या, कारण मखर आणि बादली दोन्हीकडे अडतो तो पाट.

दरांबद्दल एक विचारणा नक्की होणार: तीन इंचांना तेराशे रुपये जास्त कसे? त्याच घाटाची भरीव मूर्ती ९ वरून १२ इंचांवर नेली की उंची तिसऱ्या हिश्शाने वाढते, पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही वाढल्यामुळे माती जवळजवळ २.४ पट लागते. ६ वरून १२ वर गेलात तर आठपट. डोळ्यांच्या आखणीला मात्र लहान मूर्तीतही जवळपास तेवढाच वेळ जातो, म्हणून ६ इंची मूर्ती मातीच्या हिशेबात स्वस्त पडत नाही. तुमचे दर त्या मानाने ठीक आहेत. हे सगळं कॅप्शनमध्ये नको, वजन दिलं की ज्याचं त्याला कळतं.

आता बुकिंगची शेवटची तारीख. ती 'लवकर करा' असं घाबरवण्यासाठी नसते, शाडूच्या वाळण्यावरून ठरते. चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे बहुतेक लोक शनिवार-रविवारी, १२-१३ तारखेला न्यायला येतील. रंगकाम आणि आखणी ८ पर्यंत संपवायची तर मूर्ती ४ तारखेला पूर्ण वाळलेली हवी. पावसाळी हवेत १२ इंची भरीव मूर्तीला अडीच आठवडे धरा, म्हणजे ती १७ ऑगस्टच्या आसपास साच्यातून निघायला हवी. तडा गेला तर दुसरी काढायला आठवडा हाताशी ठेवला की १२ इंचीचं बुकिंग १० ऑगस्टला बंद. ९ इंचीचं १७ ला, ६ इंचीचं २४ ला बंद केलं तरी चालेल.

उशिरा घेतलेली ऑर्डर पंख्याखाली किंवा उन्हात वाळवायचा मोह होतोच. तिथेच घात. वरचा थर आधी सुकून आक्रसतो, आत ओल तशीच राहते आणि मान, सोंडेचं वळण, मनगट इथे चिरा पडतात. वाळली की नाही ते रंगावरून ठरवू नका. काट्यावर ठेवा; लागोपाठ दोन दिवस वजन तेवढंच भरलं की वाळली. ओल्या मूर्तीवर रंग दिला तर तो पुढे पापुद्रे धरून सुटतो, आणि तक्रार येते ती पूजेच्या दिवशी.

विसर्जनाबद्दल बहुतेक कॅप्शनमध्ये अर्धवट माहिती असते. शाडू पाण्यात विरघळत नाही, ती सुटते: कोरड्या मातीच्या बारीक छिद्रांत पाणी शिरतं, आतली हवा बाहेर पडते आणि थर ढासळतात. म्हणून कोरडी मूर्ती भराभर सुटते आणि ओलसर मूर्ती तशीच बसून राहते. ऐकायला उलटं वाटतं, पण वाळलेला एक आणि ओला एक असे दोन गोळे पाण्यात टाकून पाहा. यातून गिऱ्हाइकाला दोन सूचना निघतात. मूर्तीवर पाणी शिंपडत बसू नका, आणि विसर्जनाला ती एकाच वेळी पूर्ण बुडवा. मुकुट वर राहिला तर तो खालून पाणी शोषून ओला होतो आणि मग सुटत नाही. १२ इंची मूर्ती आंघोळीच्या नेहमीच्या बादलीत डोक्यावर पाणी येईल अशी सहसा बसत नाही, तिला खोल टब लागतो. बादली काठोकाठही भरायची नाही, मूर्ती उतरली की पाणी वर येतं.

दुसरा अडथळा रंगाचा. ऑइलपेंट किंवा वर मारलेलं चकाकीचं व्हार्निश पाणी आत जाऊ देत नाही. मग दुसऱ्या दिवशीही आकार तसाच दिसतो आणि दोष मातीला लागतो. तुमचे रंग पाण्यातले असतील तरच 'बादलीत विसर्जन' लिहा. खात्री करायला रंगवलेला, वाळलेला एक तुकडा ग्लासात सोडा. तासाभरात चिखल होऊन तळाला बसायला हवा.

महापालिका वाटते ती अमोनियम बायकार्बोनेटची पावडर प्लास्टर ऑफ पॅरिससाठी आहे, शाडूला तिचा उपयोग नाही. पुण्यात लोक हमखास विचारतात, म्हणून एक ओळ टाकाच.

उरलेला गाळ कुंडीत घाला असं सांगू नका. शाडू फार बारीक असते, वाळली की घट्ट बसते आणि कुंडीतल्या पाण्याचा निचरा थांबवते. बाथरूमच्या जाळीत ओतली तर नळी तुंबते. वरचं निवळलेलं पाणी झाडांना घालून गाळ कापडावर वाळवावा. तो परत घेणार असाल तर तसं लिहा. चाळून भिजवली की तीच माती पुढच्या वर्षी चालते. शाडू गोळा करून मूर्तिकारांकडे परत पोचवणारा 'पुनरावर्तन' उपक्रमही पुण्यात चालतो.

कॅप्शन असं बसेल. पहिल्या दोन ओळींत दर आणि तारीख ठेवा, पुढचं पुष्कळ जण उघडतच नाहीत.

> शाडूचे गणपती, धायरी. ६ इंच ₹७००, ९ इंच ₹१,५००, १२ इंच ₹२,८००.
> बुकिंग बंद: १२ इंच १० ऑगस्ट, ९ इंच १७ ऑगस्ट, ६ इंच २४ ऑगस्ट.
> उंची पाटाच्या तळापासून मुकुटाच्या टोकापर्यंत. पाटाचं माप आणि वजन फोटोवर आहे, मखर मोजूनच निवडा.
> निम्मी रक्कम बुकिंगला. मूर्ती १२ आणि १३ सप्टेंबरला घेऊन जा. उचलताना पाटाखाली हात घाला, हाताला किंवा मुकुटाला धरू नका.
> विसर्जन घरी: हार, दागिने, वस्त्र काढा. कोरडी मूर्ती पूर्ण बुडेल अशा बादलीत किंवा टबात एकदाच सोडा आणि रात्रभर हलवू नका. रंग पाण्यातले आहेत, कुठलीही पावडर लागत नाही.
> वरचं पाणी झाडांना घाला. गाळ मोरीत ओतू नका. वाळवून आणून द्या, आम्ही परत घेतो.

फोटोत मूर्तीशेजारी पट्टी उभी ठेवा. नुसत्या फोटोत ६ इंची आणि १२ इंची सारखीच दिसते.