सावली उजवीकडे, पण कुणाच्या?

"मॅडम, पोलीस भरतीची तयारी चालू आहे. बुद्धिमत्तेतलं बाकी सगळं जमतं, पण सावलीचं गणित आलं की उत्तर उलटं निघतं. तक्ता तोंडपाठ आहे. माझं डोकंच कमी पडतंय का?"

परभणीजवळच्या खेड्यातला एक मुलगा हीच तक्रार घेऊन आला होता. मी त्याचे सराव पेपर मागितले. तोंड उत्तरेला येणारी गणितं बरोबर होती, दक्षिणेला येणारी बहुतेक चुकलेली. डोकं कमी असतं तर चुका अशा एकाच बाजूला गोळा झाल्या नसत्या.

तो वर 'उ' लिहून फुली काढायचा आणि कागदाची उजवी बाजू तोच माणसाचा उजवा हात धरायचा. उत्तरेला तोंड असेल तर हे चालतं. दक्षिणेला वळलं की उजवा हात पश्चिमेला जातो, म्हणजे कागदावर डावीकडे. तिथंच तो घसरायचा. मी त्याला कागद उलटा फिरवून 'द' वर घ्यायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, सोळाशे मीटरचा सराव करतो त्या मैदानावरच बोलावलं. उगवती एका हाताला, सावली मावळतीकडं लांबच लांब. म्हटलं, "सावली उजव्या हाताला येईल असा उभा राहा." तो वळला, समोर दक्षिणेचा लिंब. "आता डाव्या हाताला घे." तोंड उत्तरेला. थंडीचे दिवस होते. सूर्य जरा दक्षिणेकडं सरकून उगवतो, म्हणून सावली वायव्येला कलली होती. पेपरात मात्र ती सरळ पश्चिमेलाच धरायची. आणि भर दुपारी बाराचं विचारलं, तर 'सांगता येणार नाही' हा पर्याय. आपल्याकडं वर्षातले बहुतेक दिवस बाराची सावली उत्तरेला पडते खरी, पण पेपर सूर्य डोक्यावरच मानतो.

एक गाठ राहिली होती. 'सायंकाळी गणेश आणि महेश समोरासमोर उभे आहेत. महेशची सावली गणेशच्या उजव्या हाताला पडली. महेशचं तोंड कुठे?' त्यानं 'उत्तर' लिहिलं होतं. सायंकाळी सावली पूर्वेला पडते. पूर्व उजव्या हाताला म्हणजे तोंड उत्तरेला. पण हात गणेशचा, म्हणून तोंडही गणेशचं. महेश त्याच्यासमोर, म्हणजे दक्षिणेला तोंड करून. तक्ता बरोबर होता, माणूस चुकला होता. तेव्हापासून 'कुणाचा हात' आणि 'कुणाचं तोंड' या दोन शब्दांखाली तो आधी रेघ मारतो.

पुढच्या सराव परीक्षेत पर्यवेक्षकांनी त्याला हटकलं, "पेपर उलटा का धरलास रे?"

"सर, माणूस दक्षिणेला बघतोय."