कंपन्या एकमेकींत मर्ज का होतात आणि मर्जर झाल्यावर नेमकं काय बिघडतं?

पुस्तकातली उत्तरं तुम्हाला मिळतील, मी आमच्या फाउंड्रीचं, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्याचं सांगतो. बेळगावच्या उद्यमबागमध्ये वडिलांनी एका छोट्या भट्टीवर सुरू केलेला धंदा आम्ही दोघा भावांनी २०१८ साली पुण्याकडच्या एका मोठ्या ग्रुपला विकला. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. त्या व्यवहारावरून माझ्यात आणि दादात अजून वाद आहे, त्यामुळे उत्तर थोडं एकतर्फी वाटलं तर वाटू दे.

आधी, ते का घेतात. मोठ्या कंपनीला आमची भट्टी बघून प्रेम आलं नव्हतं. नवी फाउंड्री उभी करायची तर जागा, हेस्कॉमकडून विजेचा लोड मंजूर करून घेणं, प्रदूषण मंडळाची परवानगी, आणि ते सगळं झालं तरी गिऱ्हाईक लगेच माल घेत नाही, सँपल कास्टिंग पास व्हायलाच कित्येक महिने जातात. आमच्याकडे हे सगळं तयार होतं. महिन्याला अडीचशे टन कास्टिंग, वर्षाला साधारण ३० कोटीचा धंदा, हायड्रॉलिक्सवाली पक्की गिऱ्हाइकं, आणि त्यांच्याकडचे आमचे व्हेंडर कोड, म्हणजे मंजूर पुरवठादार म्हणून आमची नोंद. त्यांना ते व्हेंडर कोडच पाहिजे होते. दुसरं कारण कुणी उघड बोलत नाही. आमच्यासारखी छोटी कंपनी वर्षाच्या नफ्याच्या पाचपटीत मिळते, आणि तोच नफा शेअर बाजारात असलेल्या मोठ्या कंपनीच्या हिशोबात मिसळला की त्याला दहापट, बारापट भाव लागतो. भट्टी तीच, माणसं तीच, फक्त पाटी बदलली की किंमत दुप्पट. म्हणूनच तर एवढी घाई असते.

सिनर्जी वगैरे शब्द प्रेझेंटेशनमध्ये होते. आम्ही मान डोलावली.

आता आकडा. आमचा एबिटडा, म्हणजे व्याज, टॅक्स आणि घसारा काढायच्या आधीचा नफा, ३ कोटी होता. पाचपट म्हणजे १५ कोटी. दादाने घरात आणि गल्लीत सगळीकडे १५ कोटी सांगून टाकलं. पण त्यातले १२ कोटीच क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा व्हायच्या दिवशी मिळणार होते. उरलेले ३ कोटी अर्न-आउट, म्हणजे पुढची दोन वर्षं सरासरी एबिटडा ३ कोटी ३० लाखांच्या वर राहिला तरच. मी तेव्हाच म्हटलो, दादा, साडेतेरा कोटी रोख माग आणि विषय संपव. दादा म्हटला, "आपलीच भट्टी आहे की, दहा टक्के वाढवायला काय होतंय?"

त्या १२ कोटीतूनही बँकेचं कर्ज वजा होतं, हे माहीत होतं. कामगारांची ग्रॅच्युइटी मात्र आमच्या ध्यानातच नव्हती. कोण रिटायर झाला की त्या महिन्यात चेक द्यायचा, एवढीच पद्धत, पुस्तकात तरतूद शून्य. त्यांच्या सीएने बसून गणित घातलं: सरासरी बेसिक १३ हजार, त्याला भागिले २६ गुणिले १५ केलं की साडेसात हजार, सरासरी नोकरी १२ वर्षं म्हणजे माणशी ९० हजार, आणि माणसं १२०. एक कोटी आठ लाख. हे कर्जच आहे म्हणून सरळ वजा. त्यांचं चुकीचं नव्हतं, खरं सांगायचं तर. आम्ही शेअर विकत होतो, त्यामुळे कंपनी तिच्या जुन्या देण्यांसकट त्यांच्याकडे चालली होती, उद्या ते पैसे त्यांनाच द्यायला लागणार होते.

आणि दादाची हुशारी. क्लोजिंगच्या आधी दोन महिने त्याने गिऱ्हाइकांच्या मागे लागून लवकर पैसे काढले, स्क्रॅपवाल्यांची आणि सँडवाल्यांची बिलं लटकवली, आणि त्या पैशातून बँकेचं कॅश क्रेडिट लोन ५० लाखांनी खाली आणलं. ३ कोटी ७० लाखांचं कर्ज ३ कोटी २० लाखांवर आलं, दादा खूश. पण करारात लिहिलेलं होतं की धंदा चालायला लागतं तेवढं वर्किंग कॅपिटल, म्हणजे गिऱ्हाइकांकडचं येणं आणि पडून असलेला माल यातून बिलांची देणी वजा करून उरतं ते, मागच्या बारा महिन्यांच्या सरासरीइतकं, ४ कोटी १० लाख, कंपनीत राहिलं पाहिजे. क्लोजिंगला भरलं ३ कोटी ६० लाख. कमी पडलेले ५० लाख किमतीतून कापले. म्हणजे १२ मधून ३.२०, १.०८ आणि ०.५० गेले, उरले ७ कोटी २२ लाख. काहीच न करता गप्प बसला असता तरी तेवढेच उरले असते, करून बघा. वर स्क्रॅपवाल्यांबरोबर वीस वर्षांचे संबंध बिघडले ते वेगळं. त्या ७ कोटी २२ लाखांत दोघं भाऊ आणि ताईचा वाटा. गल्लीत मात्र अजून पंधरा कोटीवालेच आम्ही.

खरी गोष्ट त्यानंतरची. पहिले चार महिने काही झालं नाही, पाटी बदलली, नवीन युनिफॉर्म आले, बायोमेट्रिक बसलं. मग खरेदी पुण्याला गेली. आधी आमचे मेल्टिंगचे मामा, म्हणजे भट्टी सांभाळणारे जुने कामगार, स्वतः स्क्रॅपची गाडी बघायचे. गाडी आत आली की वर चढायचे, दोन-चार तुकडे उचलायचे, आणि नको वाटली की ड्रायव्हरला कानडीत "होगली बिडरी", म्हणजे जाऊ दे, म्हणून परत लावायचे. शिकलेले सातवी. भट्टीतला धातू साच्यात ओतायच्या आधी सँपल ओतून, थंड करून, तोडून मोडलेली बाजू बघायचे आणि सांगायचे, अजून ओतू नका. धातूत काय किती आहे ते सांगणारं स्पेक्ट्रो मशीन आमच्याकडे होतंच, पण ते मामा बोलल्यावर खात्री करायला.

पुण्याच्या सेंट्रल परचेसने किलोमागे दीड रुपया स्वस्त स्टील स्क्रॅप ठरवलं. महिन्याला शंभर टन, म्हणजे दीड लाखाची बचत, तिकडे कुणीतरी स्लाइडवर दाखवली असणार. ते स्क्रॅप जास्त ताकदीच्या स्टीलचं होतं, त्यात मँगनीज जास्त. आम्ही हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी एसजी आयर्नमध्ये, म्हणजे कमी ठिसूळ अशा ओतीव लोखंडात ओततो, त्याला मँगनीज ०.३ टक्क्याच्या आत हवं. जास्त झालं की कास्टिंगच्या जाड भागात, जिथं धातू सगळ्यात शेवटी घट्ट होतो, तिथं मँगनीज गोळा होतं आणि कार्बाइडचे कडक ठिपके तयार होतात. वरून बघाल तर कास्टिंग चकचकीत. गिऱ्हाइकाच्या मशीनशॉपमध्ये ड्रिल आत गेलं की मोडतं.

स्पेक्ट्रोवर ०.५ च्या वर आकडा यायला लागला तेव्हा मामा म्हटले ही गाडी परत लावा. पण खरेदीची ऑर्डर पुण्याची, माल सिस्टिममध्ये उतरलेला, परत लावायचा तर तीन जणांचं अप्रूव्हल, आणि भट्टीत धातू तर तयार आहे. पिग आयर्न जास्त घालून मँगनीज पातळ करायचं म्हटलं तर पिग आयर्न महाग, त्याचंही बजेट ठरलेलं. रिजेक्शन चार टक्क्यांवरून आठवर गेलं. महिन्याला दहा टन जास्तीचं रिजेक्शन. धातू परत वितळतो, पण वीज, मोल्डिंग, कास्टिंग घासून साफ करायचा खर्च, मजुरी गेली ती गेली, किलोला ३५ रुपये धरले तरी साडेतीन लाख. दीड लाख वाचवायला साडेतीन लाख घातले. आणि हे दोन आकडे दोन वेगवेगळ्या डिपार्टमेंटच्या रिपोर्टमध्ये, त्यामुळे कुणाला शेजारी ठेवून बघायचंच कारण नाही.

मामांचं वय ५९. नव्या पॉलिसीत रिटायरमेंट ५८. एका शुक्रवारी एचआरचा मेल आला, मामांना तर ईमेलच नाही, मला प्रिंट काढून द्यावी लागली. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, नेहमीसारखं एक सँपल तोडलं, माझ्या हातात ठेवलं आणि म्हटले, "बघून घ्या, उद्यापासून तुम्हालाच बघायचंय." मला त्यातलं काही कळत नाही. अजूनही नाही.

दादाचं म्हणणं असं की अर्न-आउट बुडाला तो मी मामांना थांबवून ठेवलं नाही म्हणून. दादा, जरा कागदावर बघ. हेड ऑफिसने ग्रुपच्या सेवांसाठी म्हणून विक्रीच्या दोन टक्के आमच्या खात्यात टाकले, ३० कोटीवर ६० लाख. करारात एबिटडाची व्याख्या लिहिताना असले ग्रुपचे खर्च वगळावेत असं एक वाक्य हवं होतं, ते नव्हतं. स्क्रॅपचा निव्वळ तोटा वर्षाला २४ लाख. तीन कोटीचे झाले २ कोटी १६ लाख, आणि एक जुनं गिऱ्हाईक ड्रिल मोडून मोडून कंटाळून दुसरीकडे गेलं ते अजून यात धरलेलंच नाही. मामा दोन वर्षं उभे राहिले असते तरी ते ६० लाख कुठनं आणणार होते? पट्टी ३ कोटी ३० लाखाला लावलेली होती.

सगळीच खरेदी अशी वाया जाते असं नाही म्हणत मी. इथलाच इंडालचा अल्युमिना कारखाना बघा, २००० साली हिंदाल्कोने इंडाल घेतली, गावात अजून इंडालच म्हणतात पण कारखाना चालू आहे. हिंदाल्कोचा जोर ॲल्युमिनियम धातू बनवण्यात होता, इंडालचा त्याचा कच्चा माल अल्युमिना आणि पुढचा तयार माल यात, म्हणजे एकाकडे जे कमी होतं ते दुसऱ्याकडे जास्त होतं. आमच्या बाबतीत त्यांच्याकडे आमच्यासारख्याच आणखी दोन फाउंड्र्या होत्या. हेही कबूल करतो की विकलं नसतं तर पुढं २०२० ला आम्ही कसं तरलो असतो मला माहीत नाही, त्या वर्षी तीन महिने भट्ट्या बंदच होत्या, तो तोटा आमच्या अंगावर आला नाही.

तुम्ही नोकरीवाले असाल तर कंपनी विकली गेल्यावर पहिल्यांदा खरेदी कुणाच्या हातात गेली ते बघा, पाटी आणि लोगो नंतर. मालक असाल तर अर्न-आउटमधला नफा कोण मोजणार आणि त्यात कुठले खर्च धरणार हे वकिलाला विचारा, तुमच्या वकिलाला, त्यांच्या नव्हे. आम्ही आमचा आणि त्यांचा मिळून एकच वकील धरला होता, दादा म्हटला फी वाचते.

मामा आता बेळगावजवळच मच्छे भागात दुसऱ्या फाउंड्रीत आहेत. आमचं गेलेलं गिऱ्हाईक तिथंच माल घेतंय. दादा, हे वाचलास तर रविवारी ये घरी, सीएने ग्रॅच्युइटीचं गणित घातलेला तो कागद अजून माझ्या कपाटात आहे, त्याच्या मागच्या बाजूला तुझ्याच अक्षरात १५ कोटी लिहून खाली दोन रेघा मारल्यात.