इन्क्युबेटर की अॅक्सिलरेटर? आधी तुझं काम नेमकं कुठे अडलंय ते बघ

हाय,

तुझा मेल मिळाला, दोन्ही ऑफरची कागदपत्रं नीट वाचली. कॉलेजचं इन्क्युबेटर जागा, लॅब आणि २० लाखांपर्यंतच्या ग्रँटसाठी शिफारस देतंय आणि त्याबदल्यात २ टक्के हिस्सा मागतंय, दुसरीकडे अॅक्सिलरेटर ३ महिन्यांचा प्रोग्रॅम आणि ४० लाख रोख देतंय, हिस्सा ८ टक्के. तू विचारलंस "सर, यातलं मोठं कोणतं?" पण हा प्रश्नच बाजूला ठेव. तुझं काम आत्ता नेमकं कशामुळे अडलंय ते आधी बघूया, उत्तर तिथेच आहे.

तुझं प्रॉडक्ट म्हणजे माशांच्या बर्फाच्या डब्यात ठेवायचं टेंपरेचर लॉगर. ससून डॉकवर पहाटे लिलाव होतो, थर्मोकोलचे डबे भरून टेंपो तळोजाच्या प्रोसेसिंग युनिटला जातो, आणि वाटेत बर्फ किती वितळला हे माल पोचेपर्यंत कुणालाच कळत नाही. तुझा लॉगर ते सांगणार. कल्पना मला मनापासून आवडली, कारण माल नाकारला गेला की नुकसान कुणाचं यावरून जी भांडणं होतात ती मी पाहिलीयेत. पण तू पाठवलेल्या फोटोत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या दिसतायत, बघितलंस ना? ते खारं पाणी आहे. आणि तूच लिहिलंयस की डबा बर्फाने गच्च भरला की रीडिंग फोनवर येत नाही. येणारच नाही गं, तुझं मॉड्यूल २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि पाणी ती लहर शोषून घेतं, वर टेंपोची बॉडी पत्र्याची. म्हणजे डेटा आधी लॉगरमध्येच साठवून डबा उघडल्यावर पाठवायचा, किंवा अँटेना झाकणापाशी आणायचा, आणि जे ठरेल ते खाऱ्या बर्फात तीन तीन दिवस ठेवून तपासायचं. त्यात वायरलेस आहे म्हणजे विकण्याआधी सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाची ईटीए ही मंजुरी लागणार, आधीच सर्टिफाइड असलेलं वायरलेस मॉड्यूल घेतलंस तर ते काम बरंच सोपं होतं. मग केसिंगचा मोल्ड. हे सगळं जमेपर्यंत ८-१० महिने धर, आणि त्यातले बरेचसे महिने पैशाने आखडत नाहीत, टेस्ट वारंवार कराव्याच लागतात.

आता अॅक्सिलरेटर काय करतं ते बघ. २००५ साली अमेरिकेत वाय कॉम्बिनेटरने जो साचा पाडला तोच थोड्याफार फरकाने सगळीकडे चालतो, एकाच वेळी बॅच घ्यायची, थोडे पैसे द्यायचे, ठरावीक मुदतीत आठवड्याआठवड्याला आकडा वाढवायला लावायचा आणि शेवटी डेमो डेला इन्व्हेस्टरसमोर उभं करायचं. तो आकडा म्हणजे यूजर, ऑर्डर, महिन्याचा रेव्हेन्यू. ज्याचं प्रॉडक्ट चालतंय आणि फक्त गिऱ्हाईक कुठून आणायचं, किंमत काय लावायची, हे कळत नाहीये त्याच्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण मेंटर लोक दर आठवड्याला तेच खोदून विचारतात आणि बॅचमधले बाकीचे फाउंडर तुझ्या पुढे गेलेले रोज दिसतात. पण तुझ्याकडे वाढवायला आकडाच नाहीये अजून. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी डेमो डे येईल आणि तू स्टेजवर हिरव्या पिनांचा बोर्ड घेऊन उभी असशील, आणि इन्व्हेस्टरने एकदा बघून सोडलेली कंपनी सहा महिन्यांनी परत दाखवायला गेलं की तो "हो, बघितलं होतं" म्हणून पुढे जातो. फास्ट लोकल पकडली की मधलं स्टेशन लागत नाही, आणि तुझं काम आत्ता मधल्या स्टेशनवरच आहे.

इन्क्युबेटरचं घड्याळ वेगळं. तिथे मुक्काम साधारण वर्ष-दोन वर्षं, कधी जास्तही, बॅच असलीच तरी सगळ्यांना एकाच दिवशी बाहेर पडायचं नसतं आणि मोजमाप होतं ते टप्प्यांवर. आपल्याकडे पवईला आयआयटीचं साइन २००४ पासून आहे, ड्रोन बनवणारी, २००७ साली सुरू झालेली आयडियाफोर्ज तिथूनच पुढे आली आणि २०२३ मध्ये शेअर बाजारात लिस्ट झाली. मधली वर्षं मोज म्हणजे हार्डवेअरला किती वेळ लागतो ते कळेल. विद्याविहारला सोमय्यांचं रिडल आहे, तिथेही मशीनवर हात घालून बनवणाऱ्यांची गर्दी असते. पण नावावर जाऊ नकोस, काही ठिकाणी इन्क्युबेटर म्हणजे नुसती एसी खोली, वायफाय आणि महिन्याला एक लेक्चर. म्हणून सही करण्याआधी एक दिवस संध्याकाळी सातनंतर तिथे जाऊन ये. लॅब उघडी आहे का, सोल्डरिंग स्टेशनवर कुणी बसलंय का, थ्रीडी प्रिंटरला किती दिवसांचं वेटिंग आहे, आणि मशीन बिघडलं तर कोण दुरुस्त करतं, हे तिथल्या मुलांनाच विचार. मॅनेजर सांगेल ते ब्रोशरमध्ये आहेच.

ग्रँटबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण इथे मुलं फसतात. तुझं इन्क्युबेटर ज्या स्टार्टअप इंडिया सीड फंड स्कीमबद्दल बोलतंय ती २०२१ ची, एकूण ९४५ कोटींची. पैसे सरकारकडून थेट तुला येत नाहीत, आधी इन्क्युबेटरला जातात आणि ते तुला देतं. प्रोटोटाइप आणि ट्रायलसाठी २० लाखांपर्यंत ग्रँट, म्हणजे परत करायची नाही, आणि पुढे बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत, पण ते कर्ज किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचर, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज म्हणून. ग्रँट हप्त्यांनी येते, ठरलेला टप्पा झाला की पुढचा हप्ता. तेव्हा टप्पे लिहिताना जे तुझ्या हातात आहे तेच लिही. "१०० ग्राहक" असं लिहिलंस आणि पावसाळ्यात मासेमारी बंदीचे दोन महिने मध्ये आले तर हप्ता अडकलाच म्हणून समज. "खाऱ्या बर्फात ७२ तास, दर १० मिनिटांनी रीडिंग, एकही न गाळता" असं लिही, ते दाखवता येतं आणि कुणी वाद घालत नाही. आणखी एक, हे पैसे स्वतःची लॅब किंवा जागा उभारायला वापरता येत नाहीत, म्हणजे लॅब इन्क्युबेटरचीच चांगली असायला हवी, म्हणून ते संध्याकाळी जाऊन बघ म्हणालो.

अटींमधली सगळ्यात महत्त्वाची अशी की अर्ज करताना कंपनी रजिस्टर होऊन २ वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी आणि केंद्र सरकारच्या डीपीआयआयटी विभागाची स्टार्टअप म्हणून मान्यता हवी. सेकंड इयरला उत्साहात प्रायव्हेट लिमिटेड काढून ठेवणारी मुलं इथेच बाद होतात, काम सुरू व्हायच्या आधीच घड्याळ निम्मं संपलेलं असतं. तुझी अजून रजिस्टर नाहीये ना, मग घाई करू नकोस, अर्जाची तयारी झाली की कर. अर्ज करताना एकाच वेळी तीन इन्क्युबेटर पसंतीक्रमाने देता येतात, तेव्हा फक्त कॉलेजवर अवलंबून राहू नकोस, आणि स्कीमचे अर्ज आत्ता चालू आहेत का ते पोर्टलवर स्वतः तपास. या स्कीमच्या नावाखाली कुणी प्रोसेसिंग फी मागितली तर सरळ उठून ये.

आता हिस्सा. २ टक्के आणि ८ टक्के हे नुसते शेजारी ठेवून बघू नकोस. ४० लाखांना ८ टक्के म्हणजे पैसे आल्यावर कंपनीची किंमत ५ कोटी धरली. आज हिरव्या पिनांच्या बोर्डाला ५ कोटी हा भाव वाईट नाहीच, पण चाललेल्या लॉगरला आणि पैसे देणाऱ्या पाच युनिटना तू वर्षाने याहून बरा भाव मागू शकशील. समजा तू दोन्ही घेतलंस आणि नंतर सीड राउंडला, म्हणजे इन्व्हेस्टरकडून पहिले मोठे पैसे घेताना, २० टक्के गेले, तर शंभरचे आधी ९८, मग त्यातले ८ टक्के जाऊन ९० च्या आसपास, मग २० टक्के जाऊन जेमतेम ७२. तुम्ही दोघी फाउंडर, म्हणजे प्रत्येकीकडे ३६. नोकरीला लावायच्या पहिल्या माणसांचे शेअर यात अजून धरलेच नाहीत.

आणि जाहिरातीतला टक्का हा शेवटचा टक्का असेलच असं नाही. वाय कॉम्बिनेटरचंच बघ, त्यांच्या अटी जाहीर आहेत. ५ लाख डॉलर देतात, त्यातले सव्वा लाख ७ टक्क्यांसाठी, आणि उरलेले पावणेचार लाख अशा सेफवर, म्हणजे पैसे आत्ता आणि शेअर पुढच्या राउंडला अशा करारावर, की तू पुढच्या माणसाला ज्या सगळ्यात चांगल्या अटी देशील त्याच त्यांना लागू. समजा पुढच्याला तू १ कोटी डॉलरची कॅप, म्हणजे कंपनीची जास्तीत जास्त धरायची किंमत, दिलीस, तर पावणेचार लाखांचे झाले आणखी पावणेचार टक्के, एकूण पावणेअकरा. यात लबाडी काही नाही, सगळं लिहिलेलं असतं, पण मुलं ७ वाचून थांबतात. तुझ्या ऑफरमध्येही दुसऱ्या पानावर "फॉलो-ऑन" असं एक कलम आहे, त्यात पुढच्या राउंडला आधी त्यांना विचारायचं बंधन आहे. तो हक्क त्यांच्या टक्क्यापुरता असेल तर चालतं, पण अख्खा राउंड आधी त्यांना देऊ करायचा असेल तर दुसरा कुणी बोलायलाच येत नाही. ते कलम बदलून मागच.

क्रमाचाही एक प्रश्न आहे. मोठी परदेशी अॅक्सिलरेटर बहुतेक वेळा बाहेरच्या देशात कंपनी काढायला लावतात आणि मग आपली इथली कंपनी तिची उपकंपनी होते. सीड फंड स्कीमला अर्जाच्या वेळी भारतीय प्रवर्तकांकडे किमान ५१ टक्के हिस्सा लागतो. म्हणजे आधी ग्रँट आणि मग बाहेर जाणं जमू शकतं, उलटं केलंस तर हा दरवाजा बंद.

तर माझं मत स्पष्ट आहे, आत्ता इन्क्युबेटर घे आणि अॅक्सिलरेटरला प्रामाणिकपणे लिही की प्रॉडक्ट टेस्टिंगमध्ये आहे, पुढच्या बॅचला अर्ज करेन. चांगली टीम अशा मेलने नाराज होत नाही. उलट तुझ्या मैत्रिणीचं ते ट्यूशनवाल्यांसाठीचं फीचं अॅप, ज्याला ४० क्लासेस आधीच पैसे देतायत, तिला मी डोळे झाकून अॅक्सिलरेटरच सांगेन, लॅबमध्ये बसून ती काय करणार. फक्त तिने गेल्या बॅचमधल्या बंद पडलेल्या दोन कंपन्यांच्या फाउंडरना फोन करावा, डेमो डेनंतर खरोखर चेक कुणी लिहिला ते तेच सांगतील.

इन्क्युबेटरचं अॅग्रीमेंट मला पूर्ण पाठव, फोटो नको, पीडीएफ पाठव, फोटोत तळटिपा कापल्या जातात. २ टक्के कधी द्यायचे, आत जाताना की बाहेर पडताना, आणि तू सहा महिन्यांत सोडलंस तरी पूर्ण द्यायचे का, हे मला त्यात बघायचंय. आणि ७२ तासांची टेस्ट या आठवड्यातच लाव, बर्फ डॉकवरूनच आण, फ्रीजमधला नको.