दहा पानांचं एक पान करताना माझं १३ तळ्यांचं वाक्य गेलं

प्रश्न: आमच्या प्रकल्पाचा दहा पानी अहवाल तयार आहे. मोठ्या साहेबांना वेळ नसतो म्हणून एका पानाचा सारांश मागितलाय. प्रत्येक भागातलं थोडं थोडं घ्यावं की काही भाग पूर्ण गाळावेत? वर्डमध्ये काही सोपी युक्ती आहे का?

उत्तर:

प्रत्येक भागातलं थोडं थोडं घेऊ नका. आमच्या संचालकांनी नेमकं तेच केलं होतं आणि त्याची किंमत २२ शेतकऱ्यांनी भरली. म्हणून हे लांबण लावतोय, वैतागू नका.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात एका लहान संस्थेत होतो. सहा गावांत मिळून ४० शेततळी खोदून झाली होती, ३० बाय ३० बाय ३ मीटरची, नेहमीचीच. पावसाळ्यानंतर मी प्रत्येक तळ्यावर जाऊन पाण्याची पातळी मोजली आणि दहा पानी अहवाल लिहिला. दोन पानं पार्श्वभूमी, एक पान पद्धत, तीन पानं गावनिहाय तक्ते, मग लाभार्थ्यांचे अनुभव, अडचणी, शिफारशी, आभार. आठव्या पानावर, अडचणींमध्ये, एक वाक्य होतं: १३ तळी ३० नोव्हेंबरच्या आत कोरडी पडली आणि तेराही मुरमात खोदलेली आहेत.

ज्याला आमच्याकडची शेती माहीत आहे त्याला यापुढे काही सांगायला नको. तळं खोदायचं ते मुख्यतः तुरीला फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पाणी द्यायला. नोव्हेंबरात तळं कोरडं म्हणजे त्या वर्षापुरता तो नुसता खड्डा.

पैसे देणाऱ्यांकडच्या वरिष्ठांना एक पान हवं होतं. आमचे सर म्हणाले, "मी करतो, तू फार तांत्रिक लिहितोस." त्यांनी प्रत्येक शीर्षकाखालची पहिली दोन-दोन वाक्यं उचलली आणि जोडली. अहवालातल्या कुठल्याही भागाची पहिली दोन वाक्यं म्हणजे प्रस्तावनाच असते. त्यामुळे त्या पानाचा पहिला परिच्छेद संस्थेच्या स्थापनेवर गेला, दुसरा विदर्भातल्या कोरडवाहू शेतीवर. माझी १३ तळी शेवटून तिसऱ्या ओळीत या रूपात उरली:

"सदर प्रकल्पांतर्गत खोदकाम पूर्ण करण्यात आलेल्या शेततळ्यांपैकी काही ठिकाणी भूस्तराच्या प्रतिकूलतेमुळे अपेक्षित जलसाठा टिकून राहू शकलेला नसल्याचे निदर्शनास आले असून यशस्वितेचे प्रमाण ६७.५ टक्के इतके आहे."

यात खोटं काहीच नाही. ४० पैकी २७ म्हणजे ६७.५ टक्केच. पण आपल्याकडे ६० टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणतात. वाचणाऱ्याला वाटलं पोरगं चांगल्या मार्कांनी पास झालं. पुढच्या टप्प्याला ६० तळी मंजूर झाली, जागा निवडायची पद्धत तीच. त्यातली २२ नोव्हेंबरात कोरडी.

त्यातल्या एका तळ्याच्या बांधावर मी टेप घेऊन उभा होतो. तळाशी भेगाळलेला गाळ. ज्यांचं शेत होतं ते काका म्हणाले, "भाऊ, मुरमात पानी रायत नाही हे तुमाले मागच्या सालीच मालूम होतं म्हन्ते. मंग मले काऊन नाही सांगतलं?" मी सांगितलं होतं. आठव्या पानावर.

त्या हिवाळ्यात तिसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव जायचा होता, ५० तळ्यांचा. सरांशी मोठी खडाजंगी झाली आणि पान मी लिहिलं. ते कसं लिहिलं, तेच तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर.

पहिली गोष्ट, दोन्ही टप्प्यांचा अहवाल बंद करून ठेवला. समोर उघडा असला की हात आपोआप त्याच्या क्रमानं चालतो: पार्श्वभूमी, उद्दिष्टं, पद्धत. तो क्रम काम कसं झालं याचा आहे. साहेबांना काय ठरवायचंय याचा क्रम वेगळा असतो. मी कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहिलं: हे पान वाचून साहेबांनी कशावर सही करायची? उत्तर असं आलं: "पुढच्या टप्प्यात ५० ऐवजी ४२ तळी घ्यावीत, पैसे तेवढेच, वाचलेल्या पैशांतून प्रत्येक जागी आधी चाचणी खड्डा आणि गरज असेल तिथं प्लास्टिकचं अस्तर. मंजुरी १५ फेब्रुवारीपूर्वी लागेल, कारण खोदाई एप्रिल-मेमध्ये, शेतं रिकामी असतानाच होते." पानाचा पहिला परिच्छेद तोच. हे वाक्य तुम्हाला लिहिता येत नसेल तर अडचण सारांशाची नाही. अहवालातूनच काही मागायचं ठरलेलं नाही, ते आधी ठरवा.

मग अहवाल परत उघडला आणि पेन्सिलीनं एकेका वाक्यापाशी थांबलो. हे काढलं तर साहेबांचा निर्णय बदलेल का? बदलणार नसेल तर काट. दहा पानांत न काटलेली वाक्यं किती उरली असतील? अकरा. लाभार्थ्यांचे अनुभव पूर्ण गेले, आणि ते लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले होते. पद्धतीच्या पानातून एकच तुकडा वाचला: "सगळी १०० तळी प्रत्यक्ष जाऊन मोजली". तो नसता तर आकड्यावर विश्वास कोण ठेवणार?

दुसरा परिच्छेद असा झाला: "दोन वर्षांत खोदलेल्या १०० पैकी ३५ तळी ३० नोव्हेंबरआधी कोरडी पडली. त्यातली ३१ मुरमात आहेत. टिकलेल्या ६५ पैकी फक्त ५ मुरमात आहेत. कोरड्या ४ तळ्यांचं कारण आम्हाला सापडलेलं नाही."

यातलं तिसरं वाक्य आधी नव्हतं. कच्चं पान मी गावातल्या शाळेच्या गुरुजींना वाचायला दिलं. शेततळ्याशी त्यांचा संबंध नाही, म्हणूनच दिलं. ते म्हणाले, "कोरडी पडली ती मुरमात होती, बरं. पण टिकली तीही मुरमातच असतील तर?" बरोबर होतं. कारण सांगायचं तर दोन्ही बाजू मोजाव्या लागतात. तक्त्यांत ती माहिती होती, मी कधी वेगळी काढलीच नव्हती. चार तळ्यांचं कारण माहीत नाही हे लिहायला सरांचा सक्त विरोध होता. मी ठेवलं. वरिष्ठ माणूस आकड्यांची बेरीज करतोच, ३५ मधून ३१ वजा करून उरलेल्यांचं विचारतोच.

आता भाषा. "करण्यात आलेले असून", "निदर्शनास आले आहे", "सदर", "अनुषंगाने" हे सगळं काढलं तर मराठी सरकारी पान चांगलंच बारीक होतं, मजकुराला धक्काही न लागता. सरांचं ते वाक्य परत वाचा आणि हे बघा: "४० पैकी १३ तळी कोरडी पडली." आणि लहान संख्येची टक्केवारी टाळा. ४० पैकी १३ म्हटलं की डोळ्यांपुढे तेरा तळी येतात.

एकक सुद्धा वाचणाऱ्याचं हवं. अहवालात तळ्याची क्षमता २,१९६ घनमीटर लिहिली होती, उतारासकट हिशेब करून. साहेबांना त्याचं काय? पानावर मी लिहिलं, "एक भरलेलं तळं, गळती आणि बाष्पीभवन धरूनही, अडीच एकर तुरीला दोनदा पाणी देतं." एका पाण्याला ५० मिलिमीटर धरलं तर अडीच एकरांना दोन वेळा मिळून हजार-एक घनमीटर लागतात, म्हणजे तळ्याच्या निम्म्याहून थोडं कमी. हिशेब चौथ्या पानावर ठेवला आणि ओळीच्या शेवटी कंसात "पान ४" टाकलं. प्रत्येक आकड्यापुढे असा पान क्रमांक टाकाच. ज्याला शंका आहे तो थेट तिथं जातो आणि तुमच्या पानावर खुलाशांची गर्दी होत नाही. फक्त अहवाल नंतर दुरुस्त झाला तर सारांशही दुरुस्त करा. पानावर ३५ आणि तक्त्यात ३६ दिसलं की उरलेलं सगळं संशयात जातं. माझ्याबाबतीत हे होता होता वाचलं.

तिसऱ्या परिच्छेदात पर्याय आणि त्यांचा खर्च. चाचणी खड्डा म्हणजे जेसीबीचं तासाभराचं भाडं: तीन मीटर खोल जायचं, थर बघायचा, पाणी भरून सकाळी किती उरलं ते पाहायचं. मुरूम लागला तर त्याच शेतात जागा बदलायची. ते जमत नसेल तरच अस्तर, कारण आमच्या दरपत्रकांत अस्तर खोदाईपेक्षा महाग पडत होतं. बस. पान संपलं, साधारण ३०० शब्द.

वर्डचं विचारलंत. युक्ती नाही. अक्षर ९ पॉइंटचं करून आणि समास खाऊन दोन पानांचं एक करू नका, साहेबांना चष्मा असतो. आपोआप सारांशाच्या नादाला तर लागूच नका, साहेबांना काय ठरवायचंय हे त्याला माहीत नसतं.

आता थोडं दुसऱ्या बाजूनं. सर म्हणायचे, "वाईट बातमी वर टाकली की फंड जातो." काही ठिकाणी जातही असेल, मी सगळे फंड देणारे पाहिलेले नाहीत. अहवाल फक्त नोंदीसाठी असेल, त्यावर कोणाला काही ठरवायचंच नसेल, तर हे सगळं सोडा, सरांची पद्धत चालते. वरून छापील नमुना ठरवून दिला असेल तर त्याच्या चौकटी मोडू नका, पहिल्या चौकटीत मागणी बसवा. आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी १३ तळी आठव्या पानावर मीच ठेवली होती. सरांनी ती पुसट केली, पण लपवायला सोपी जागा मी दिली. हे त्यांना मी अजून म्हटलेलं नाही.

पान गेलं तेव्हा मी समोर बसलो होतो. साहेबांनी पहिला परिच्छेद वाचला, चौथ्या पानावर जाऊन आले, मग पेन उघडून थांबले. "५० नावांची यादी गावात वाचून झाली आहे ना? मग जी ८ नावं गळतील, त्यांना कोण सांगणार?"

याचं उत्तर पानावर नव्हतं, दहा पानांतही नव्हतं. मी म्हणालो, मी जाऊन सांगतो.

"मग ते खाली लिहा," ते म्हणाले. मी तिथंच हातानं लिहिलं, आणि त्या ओळीखाली त्यांनी सही केली.